तेच तीन हीटर, स्टारमध्ये ८ किलोवॅट आणि डेल्टात २४. सूत्र एकच असताना हे कसं?

मंदार_वि

पाणी तापवायच्या टाकीत तीन एकसारखी एलिमेंट आहेत. प्रत्येकाचा रोध २० ओहम, प्रत्येकावर ४०० व्होल्ट छापलेलं. पुरवठा तीन फेजचा, कुठल्याही दोन लाइनमध्ये ४०० व्होल्ट. टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलल्या की स्टार किंवा डेल्टा करता येतं.

आधी स्टार होतं. तेव्हा तिन्ही लाइनच्या वायरींवर क्लॅम्प मीटर साडेअकरा अँपिअर दाखवायचा. पाणी लवकर तापावं म्हणून डेल्टा केलं, तर त्याच वायरींवर तोच मीटर साडेचौतीसच्या वर गेला. वायर, एमसीबी आणि कॉन्टॅक्टर ४० अँपिअरच्या हिशेबाने आहेत, त्यामुळे त्याची काळजी नाही. अडचण समजण्यात आहे.

दोन्ही जोडण्यांना पॉवरचं सूत्र एकच आहे: √३ × लाइन व्होल्टेज × लाइन करंट × पॉवर फॅक्टर. लाइन व्होल्टेज बदललं नाही. हीटर आहे म्हणजे पॉवर फॅक्टर १. मग नुसत्या पट्ट्या हलवून पॉवर का वाढली? आणि वाढायचीच होती तर √३ पट वाढायला हवी होती. स्टारमध्ये √३ व्होल्टेजकडे असतो, डेल्टात करंटकडे, एवढंच लक्षात आहे. हे तिप्पट कुठून आलं?

किरण_इलेक्ट्रो

सोपं आहे. स्टारमध्ये लाइन करंट आणि फेज करंट सारखाच असतो. डेल्टात लाइन करंट फेज करंटच्या √३ पट होतो. म्हणून तुमचा करंट √३ पट वाढला. साडेअकराचे २० व्हायला हवेत. ३४ दाखवत असेल तर मीटर तपासून घ्या, किंवा एखादं एलिमेंट अर्धवट शॉर्ट असेल.

सुलभा_जो

मीटर बरोबर आहे आणि एलिमेंटही बरी आहेत. किरण, तुम्ही सांगितलेले २० अँपिअर त्या टाकीत खरंच वाहतायत, फक्त ते एलिमेंटमधून वाहतात, लाइनच्या वायरमधून नाही. √३ दोनदा येतो आणि तुम्ही तो एकदाच धरला आहे.

मंदार, लाइनकडून सुरुवात केली की घोळ होतो. सुरुवात एका एलिमेंटपासून करा, कारण त्याला स्टार कळत नाही आणि डेल्टाही कळत नाही. त्याला फक्त आपल्या दोन टोकांमधलं व्होल्टेज कळतं.

स्टारमध्ये त्याचं एक टोक लाइनला आणि दुसरं मधल्या बिंदूला. टोकांमध्ये ४०० भागिले √३, म्हणजे २३१ व्होल्ट. २० ओहममधून ११.५५ अँपिअर. हाच करंट पुढे लाइनमध्ये, कारण वाटेत दुसरी फांदीच नाही.

डेल्टात तेच एलिमेंट दोन लाइनच्या मध्ये आहे. टोकांमध्ये पूर्ण ४०० व्होल्ट, करंट २० अँपिअर. इथे पहिला √३ आला. अजून लाइनचा विषयही निघालेला नाही, एलिमेंटवरचं व्होल्टेज वाढलं म्हणून त्यातला करंट वाढला, बस.

आता लाइनची वायर. डेल्टाच्या प्रत्येक कोपऱ्यावर ती दोन एलिमेंटना पुरवठा करते, म्हणून तिच्यात २० चा √३ पट, ३४.६४ अँपिअर. हा दुसरा √३. पहिला व्होल्टेज वाढल्यामुळे, दुसरा दोन फांद्या एकत्र आल्यामुळे. √३ गुणिले √३ म्हणजे ३.

सूत्राबद्दल: ते दोन्हीकडे खरंच आहे. त्यात लाइन करंट घालायचा असतो, पण तो किती हे ते सांगत नाही. तो एलिमेंटचा रोध आणि जोडणी मिळून ठरवतात. ११.५५ घातले की ८००० वॅट, ३४.६४ घातले की २४००० वॅट. सूत्र एक असलं म्हणजे उत्तर एक असेल, असं ते कुठेही म्हणत नाही.

मंदार_वि

हे पटलं. एलिमेंटवरून पडताळाही जमतो. २० चा वर्ग गुणिले २० म्हणजे ८००० वॅट, अशी तीन. म्हणजे डेल्टात एकटं एलिमेंट जेवढी उष्णता देतं तेवढी स्टारमध्ये तिन्ही मिळून देत होती.

एक मात्र अडतंय. कोपऱ्यावर दोन एलिमेंट जोडलेली आहेत, दोघांत २०-२० अँपिअर. मग लाइनमध्ये ४० का नाहीत? ३४.६४ हे सूत्रातून मान्य करतो, पण डोळ्यांसमोर येत नाही.

सुलभा_जो

कारण ते दोन करंट एकाच क्षणी शिखरावर नसतात. सदिश आकृती बाजूला ठेवून क्षणाक्षणाचे आकडे घेऊ.

२० अँपिअर हे आरएमएस, म्हणजे एलिमेंटमधला करंट शिखरावर २८.३ अँपिअर. आर लाइनवर दोन एलिमेंट आहेत: एक आर-वाय, दुसरं बी-आर. आर-वायमधला करंट शिखरावर असतो त्या क्षणी बी-आरमधला शिखराच्या निम्मा, १४.१ अँपिअर असतो आणि त्याची दिशा अशी असते की तोही आर लाइनमधूनच खेचला जातो. लाइनमध्ये त्या क्षणी ४२.४.

थोडं पुढे जाऊ. ५० हर्ट्झवर साधारण १.६७ मिलिसेकंद, म्हणजे ३० अंश. आर-वायमधला करंट आता उतरून २४.५ झालाय, बी-आरमधला चढून २४.५ झालाय. लाइनमध्ये ४९. यापेक्षा जास्त कधीच होत नाही, कारण यानंतर एक जितक्या वेगाने चढतो त्यापेक्षा दुसरा जोरात उतरतो. ४९ हे लाइन करंटचं शिखर. भागिले √२ करा, ३४.६४ मिळतील.

४० मिळायचे असते तर दोघांची शिखरं एकाच वेळी यायला हवी होती, आणि तशी आली तर पुरवठा तीन फेजचा उरणार नाही. लाइनचं शिखर आर-वायच्या शिखरानंतर ३० अंशांनी आलं, हेही यातच दिसलं. स्टारमधल्या व्होल्टेजचं गणित हेच आहे. दोन लाइनमधलं व्होल्टेज म्हणजे दोन फेज व्होल्टेजमधला फरक, आणि दोन्ही फेज २३१ असूनही तो ४६२ न होता ४०० होतो.

वाइंडर_७

म्हणजे मोटर स्टारमधून डेल्टात टाकली तर तिची पॉवर तिप्पट होणार? आमच्याकडच्या मोटरच्या पाटीवर २३०/४०० लिहिलंय आणि सध्या ती स्टारमध्ये चालते. लोड जरा वाढलाय, ओव्हरलोड अधूनमधून पडतो. स्टार-डेल्टा स्टार्टर बसवून डेल्टात चालवायचा विचार आहे. पुरवठा ४०० चाच. काम होईल ना?

जुना_फिटर

वाइंडरदादा, तसं करू नका. वाइंडिंग जाईल.

पाटीवर २३०/४०० म्हणजे त्या मोटरच्या एका वाइंडिंगला २३० सोसतं. लाइन २३० असेल तर डेल्टा, ४०० असेल तर स्टार. ती आत्ता स्टारमध्ये बरोबरच चालू आहे. ४०० वर डेल्टा केली तर २३० च्या वाइंडिंगवर ४०० येतील. लोखंड संपृक्त होईल, रिकामी फिरतानाही प्रचंड करंट ओढेल, गुरगुरेल आणि थोड्या वेळात वास येईल. स्टार-डेल्टा स्टार्टरला पाटीवर ४००/६९० लिहिलेली मोटर लागते, म्हणजे ४०० वर जिची नेहमीची जोडणी डेल्टाच आहे.

दुसरी गोष्ट. मंदारभाऊंचं हे हीटरचं गणित चालत्या मोटरला लागू नाही. हीटर जेवढं व्होल्टेज देऊ तेवढा तापतो. मोटर किती पॉवर घेणार हे तिच्या शाफ्टवरचा लोड ठरवतो. सुरू होतानाचा क्षण वेगळा. रोटर थांबलेला असताना वाइंडिंग नुसता इंपीडन्स असतं, म्हणून स्टारमध्ये लाइन करंट डेल्टाच्या तिसरा हिस्सा, आणि टॉर्कही तिसरा हिस्साच. लोड जड असेल तर काही मोटरी स्टारमध्ये वेगच घेत नाहीत ते याच्यामुळे.

तुमचा ओव्हरलोड पडतोय तो लोडामुळे. तिन्ही लाइनचा करंट मोजा आणि पाटीवरच्या स्टारच्या आकड्याशी ताडून बघा.

वाइंडर_७

बरं झालं विचारलं. पण एक सांगा, दुसऱ्या एका मशीनच्या स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये ओव्हरलोड १७ वर लावलेला बघितला. मोटरच्या पाटीवर ३० अँपिअर आहेत. तो चुकीचा लावलाय का?

जुना_फिटर

रिले कुठे बसलाय ते बघा. मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, मोटरकडे जाणाऱ्या सहा वायरींपैकी तीनवर असेल तर तो डेल्टाच्या आत आहे. तिथून फक्त फेज करंट जातो. ३० गुणिले ०.५८ म्हणजे १७.४, तेव्हा १७ बरोबर आहे. येणाऱ्या लाइनवर असेल तर ३० वर लावायला हवा. घोटाळा होतो तो उलट बाजूने. कुणीतरी पाटी वाचून आतल्या रिलेला ३० वर नेतो, आणि मग मोटर जळेपर्यंत रिले गप्प बसतो.

अदिती_ट

मी शिकतेय, म्हणून कदाचित प्रश्न अगदी प्राथमिक असेल. प्रयोगशाळेत डेल्टातल्या रोधांवर ऑसिलोस्कोप लावला होता. एका चॅनलवर आर आणि वायमधलं व्होल्टेज, विलगीकरण असलेल्या प्रोबने. दुसऱ्यावर आर लाइनचा करंट. दोन्हींत ३० अंशांचा फरक दिसला. करंट मागे. ३० अंशांचा कोसाइन ०.८६६. म्हणजे शुद्ध रोध असूनही पॉवर फॅक्टर ०.८६६ धरायचा का?

सुलभा_जो

नाही. तुम्ही मोजलेला फरक खरा आहे, पण तो लोडचा नाही, जोडणीचा आहे. वर मंदारला सांगितलेले तेच ३० अंश.

पॉवर फॅक्टरचा कोन एकाच एलिमेंटवरचं व्होल्टेज आणि त्याच एलिमेंटमधला करंट यांच्यात मोजायचा. तुम्ही व्होल्टेज आर-वाय एलिमेंटचं घेतलंत आणि करंट अशा वायरीतला, जिच्यात बी-आरचा करंटही मिसळलाय. करंट प्रोब डेल्टाच्या आत, आर-वायच्या एकट्या वायरीवर सरकवा, दोन्ही लहरी एकावर एक येतील. मंदारचे आकडे घेतले तरी दिसतं. √३ × ४०० × ३४.६४ म्हणजे २४००० वॅट, आणि एलिमेंटमधली उष्णता मोजून तेवढेच येतात. त्याला ०.८६६ ने गुणलं तर साधारण ३२०० वॅट गायब होतात, आणि ते कुठे गेले याचं उत्तर कुणाकडेच नसेल.

आतल्या वायरीला हात पोचत नसेल तर आर लाइनचा करंट आणि आर ते न्यूट्रल व्होल्टेज घ्या. लोड समतोल असेल तर तो कोन बरोबर येतो, डेल्टा असला तरी.

अदिती_ट

लोड डेल्टात असताना न्यूट्रल कुठून आणायचा?

सुलभा_जो

पुरवठ्याचा. तो नसेल तर तीन सारखे मोठे रोध स्टारमध्ये जोडून मधला बिंदू तयार करता येतो. लोडला स्वतःचा मधला बिंदू नसला तरी पुरवठ्याच्या तीन लाइनना असतोच. समतोल डेल्टाच्या जागी एकतृतीयांश रोधांचा स्टार ठेवला तर लाइनला काहीच फरक जाणवत नाही. इथे २० ओहमचा डेल्टा म्हणजे ६.६७ ओहमचा स्टार. २३१ भागिले ६.६७ करून बघा, पुन्हा ३४.६४ च येतील. मला स्वतःला डेल्टाचं कुठलंही गणित असंच सोडवायला आवडतं, कारण मग एकाच फेजकडे बघावं लागतं.

मंदार_वि

धागा पुन्हा वर आणतोय, कारण आज पाणी तापायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला. क्लॅम्प लावला. आर लाइन २०, बी लाइन २०, वाय लाइन ३४.५. पुरवठा तिन्ही जोड्यांत ४०० च्या आसपास, तोही बघितला. वाय लाइनवर काहीतरी जास्त ओढतंय का?

किरण_इलेक्ट्रो

वायवर जास्त आहे म्हणजे वायच्या एलिमेंटमध्येच बिघाड. ते बदला.

जुना_फिटर

उलट आहे. तिघांत वायच ठणठणीत आहे, कारण ३४.६ हाच तिचा निरोगी आकडा. कमी झालेत आर आणि बी. दोघींवर २० च उरलेत, म्हणजे प्रत्येकीची एक फांदी गेली आणि एक राहिली. आर आणि बी दोघींना सामायिक असलेलं एलिमेंट एकच, बी-आर. ते तुटलंय.

पुरवठा बंद करा, बंद झाल्याची खात्री करा, मग ओहम मोजा. एक लक्षात ठेवा: पट्ट्या जागेवर असताना आर आणि बीमध्ये मीटर ‘तुटलेलं’ दाखवणार नाही, ४० ओहम दाखवेल, कारण मीटरला बाकीच्या दोन एलिमेंटमधून वळसा मिळतो. आर-वाय आणि वाय-बीमध्ये २०-२० दाखवेल. तिन्ही बरी असती तर प्रत्येक जोडीत १३.३ दिसले असते. त्या १३.३ ला बघून कुणी २० चं एलिमेंट खराब ठरवलं तर चांगलं एलिमेंट फेकलं जातं.

सुलभा_जो

फिटरदादांचं निदान बरोबर. त्याला एकच जोड देते, कारण बाहेरून सारखी दिसणारी दुसरी तक्रार आहे. एलिमेंट तिन्ही बरी, पण एका लाइनचा फ्यूज गेलेला. समजा आर गेली. मग वाय-बी एलिमेंटला पूर्ण ४०० मिळतात आणि बाकीची दोन एकामागे एक जोडल्यासारखी होतात. त्यांच्यातून १० अँपिअर, वाय-बीमधून २०, म्हणजे वाय आणि बी लाइनवर ३०-३० आणि आरवर शून्य. पॉवर १२ किलोवॅट, बरोबर निम्मी. मंदारच्या आजच्या अवस्थेत दोन एलिमेंट पूर्ण जोरात आहेत, म्हणजे १६ किलोवॅट.

हीच टाकी स्टारमध्ये असती आणि एक एलिमेंट तुटलं असतं तर उत्तर न्यूट्रलवर अवलंबून होतं. मधला बिंदू न्यूट्रलला जोडलेला नसेल तर उरलेली दोन ४०० वर एकामागे एक, १० अँपिअर, ४ किलोवॅट. जोडलेला असेल तर त्या दोघांना काही कळतच नाही. दोघांत ११.५५ चालू राहतात आणि एरवी शून्य असलेल्या न्यूट्रलमध्येही ११.५५ दिसतात.

मंदार_वि

पट्ट्या जागेवर असताना आर-बी ४० च्या जवळ, बाकी दोन २० च्या जवळ. पट्ट्या काढल्यावर बी-आर एलिमेंट एकदम ओपन. नवीन मागवतोय. तोपर्यंत दोनवरच चालू ठेवलं तर चालेल का?

जुना_फिटर

दोन एलिमेंट स्वतः खूश आहेत, त्यांना ४०० च मिळतात. वाय लाइनवर नेहमीएवढाच करंट आहे, त्यामुळे वायरही ठीक. आपल्या फॅक्टरीत बाकी लोड सिंगल फेजचा कसा विभागलाय ते मला माहीत नाही, तेवढं बघा. तुटलेल्या एलिमेंटचं आवरण फुटलं असेल तर पाण्यातून अर्थकडे गळती होईल. त्याची दोन्ही टोकं सोडवून ठेवा आणि इन्सुलेशन मेगरने तपासल्याशिवाय चालू करू नका.

नीरज_क

विषय जवळचा आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या छोट्या स्टार जनरेटरवर लोड नसताना लाइन व्होल्टेज तिन्ही जोड्यांत ४००, पण फेज ते न्यूट्रल तिन्हीकडे २३५. √३ ने भागलं तर २३१ यायला हवेत. समतोल असताना हे प्रमाण √३ पेक्षा कमी कसं?

किरण_इलेक्ट्रो

न्यूट्रल सैल असेल. मधला बिंदू सरकलाय.

सुलभा_जो

बिंदू सरकला असता तर एक फेज वर आणि दुसरी खाली गेली असती. तिन्ही सारख्याच वर गेल्यात, म्हणून मला तिसऱ्या हार्मोनिकचा संशय आहे. तो तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी, एकाच दिशेने असतो, म्हणून दोन फेजच्या फरकात उरत नाही. लाइन व्होल्टेजमध्ये दिसत नाही, फेजमध्ये दिसतो. पण २३१ चे २३५ व्हायला तो जवळजवळ १९ टक्के लागेल, हे मला जरा जास्त वाटतं. ४ व्होल्टचा फरक मीटरच्या चुकीतही बसू शकतो. मीटर ट्रू आरएमएस आहे का?

नीरज_क

साधा आहे, सरासरी मोजणारा.

सुलभा_जो

मग या आकड्यांवरून मी काही ठरवणार नाही. सरासरी मोजणारा मीटर बिघडलेल्या लहरीवर कमीही दाखवतो आणि जास्तही, तिसरा हार्मोनिक कुठल्या कोनात बसलाय त्यावर. स्कोप मिळाला तर फेजची लहर बघा, शिखर चपटं आहे की टोकदार. आणि ट्रू आरएमएस मीटरने फेज आणि लाइन दोन्ही एकाच रेंजवर मोजून आकडे इथे टाका.

नीरज_क

स्कोप पुढच्या आठवड्यात मिळेल. फोटो टाकतो.